कायदा विधिमंडळाचा, नियम खात्याचा

(मावशी विधी व न्याय विभागात कक्ष अधिकारी होती. नियमांचे मसुदे तपासण्यात तिची बरीच वर्षं गेली. भाचा त्याच्या गृहनिर्माण सोसायटीचा सचिव आहे.)

भाचा : मावशी, माहिती अधिकाराचा अर्ज परत आलाय. पाणीपुरवठा, रस्ता आणि कचऱ्याचं कंत्राट, तिन्हींची माहिती एकाच अर्जात मागितली होती. शेरा असा की अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांचा हवा. मी २००५ चा कायदा काढून बसलो. ३१ कलमं आहेत त्यात, पण शब्दांची मर्यादा एकातही नाही.

मावशी : कायद्यात नाहीच ती. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये आपल्या नियमांत घातली. कायदा संसदेने केला, नियम राज्य सरकारने केले. अर्जाची १० रुपये फी तरी कायद्यात सापडली का तुला?

भाचा : नाही. कलम ६ मध्ये ‘विहित करण्यात येईल अशी फी’ एवढंच आहे.

मावशी : म्हणजे संसदेने फी घ्यायला परवानगी दिली आणि आकडा सरकारवर सोडला. आता कलम २७ बघ. कायद्याच्या तरतुदी अमलात आणण्यासाठी सरकारला राजपत्रात अधिसूचना काढून नियम करता येतील, असं त्यात आहे. संसदेने आपल्या अधिकारातला तुकडा दुसऱ्याच्या हाती दिला. याला प्रत्यायोजित विधान म्हणतात. अशा रीतीने झालेला नियम कायद्याइतकाच बंधनकारक असतो.

भाचा : पण आपण निवडून देतो ते खासदारांना. आकडा त्यांनीच का नाही लिहायचा? १० रुपये लिहायला असा किती वेळ लागतो?

मावशी : लिहायला लागत नाही, बदलायला लागतो. समज, कायद्यातच लिहिलं की फी १० रुपये आणि ती रोख किंवा कोर्ट फी स्टँपने भरायची. पुढे ऑनलाइन अर्ज आले. पैसे भरायची एक नवी पद्धत घालायला दुरुस्ती विधेयक मांडा, दोन्ही सभागृहांत मंजूर करा, राष्ट्रपतींची संमती घ्या. शिवाय हा कायदा केंद्राच्या कार्यालयांना लागू, राज्यांच्या कार्यालयांना लागू, न्यायालयांना आणि विधिमंडळांनाही लागू. प्रत्येकाची कामाची पद्धत वेगळी. म्हणून कलम २७ ने केंद्र आणि राज्य सरकारांना, तर कलम २८ ने सभागृहांचे अध्यक्ष, उच्च न्यायालयांचे मुख्य न्यायमूर्ती अशा सक्षम प्राधिकाऱ्यांना आपापले नियम करू दिले.

भाचा : म्हणजे आधी कायदा चालू झाला आणि नियम मागाहून आले?

मावशी : या कायद्यात ते नीट जुळवलं होतं. राष्ट्रपतींची संमती १५ जून २००५ ला मिळाली. नियम करण्याची कलमं त्याच वेळी लागू झाली, पण नागरिकाचा अर्ज करण्याचा हक्क १२० व्या दिवशी, म्हणजे १२ ऑक्टोबरला लागू झाला. मधल्या काळात फी किती, नमुना कसा, अपील कसं, हे सरकारांनी ठरवावं अशी ती योजना होती. असं अंतर ठेवलं नाही, तर हक्क कागदावर येतो आणि लोक अर्ज घेऊन गेले की खिडकीवर उत्तर मिळतं, ‘अजून नियम आले नाहीत.’

भाचा : ठीक, सोय पटली. पण मग सरकार काहीही नियम करेल. अर्ज १५ शब्दांत करा म्हणेल.

मावशी : नाही म्हणू शकत. पहिला लगाम खुद्द संसदेवरच आहे. १९५१ मध्ये दिल्ली कायदे प्रकरणात राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं. सात न्यायमूर्तींनी आपापली स्वतंत्र मतं लिहिली, तरी त्यांतून एक सूत्र निघालं. धोरण ठरवणं हे विधिमंडळाचं मूळ काम आहे आणि ते दुसऱ्याला देता येत नाही. तपशील देता येतो.

भाचा : धोरण कुठे संपतं आणि तपशील कुठे सुरू होतो, हे कळायचं कसं?

मावशी : एक प्रकरण सांगते. १९५४ मध्ये जादूच्या औषधांच्या जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. कोणत्या रोगांवरच्या औषधांची जाहिरात करायची नाही, ती यादी त्यात होती. पण सरकारला वाटेल तो आणखी रोग त्या यादीत घालण्याची मुभाही होती. तो रोग कशाच्या आधारावर निवडायचा, याबद्दल कायदा गप्प होता. १९५९ मध्ये हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेवढा भाग रद्द केला. अधिकार देताना कसोटीही द्यावी लागते. माहिती अधिकाराच्या कलम ७ मध्ये ती आहे. फी वाजवी असावी आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाकडून ती घेऊ नये, हे संसदेने स्वतः लिहून ठेवलं. आकडा तेवढा सरकारवर सोडला.

भाचा : आणि सरकारने अवाजवी आकडा टाकला तर?

मावशी : तर दुसरा लगाम, न्यायालय. अलाहाबाद उच्च न्यायालयाने आपल्या नियमांत अर्जाची फी ५०० रुपये ठेवली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१८ मध्ये निकाल आला की अर्जाची फी साधारणपणे ५० रुपयांहून आणि प्रतीची पानामागे ५ रुपयांहून जास्त नसावी. माहिती कशाला हवी, हे अर्जदाराला विचारता येणार नाही, असंही न्यायालयाने सांगितलं, कारण कलम ६ मध्येच कारण देण्याची गरज नाही असं आहे. कायद्याने जी वाट मोकळी ठेवली, ती नियमाने अडवता येत नाही. अडवली तर नियम अधिकारातीत ठरतो आणि न्यायालय तो रद्द करू शकतं.

भाचा : मग माझी १५० शब्दांची मर्यादा?

मावशी : त्या नियमाचं पूर्ण वाक्य वाच. अर्ज ‘सर्वसाधारणपणे’ १५० शब्दांचा असावा, असं आहे. म्हणजे ती मार्गदर्शक मर्यादा आहे. केंद्राच्या २०१२ च्या नियमांत ५०० शब्द आहेत, आणि केवळ शब्द जास्त झाले म्हणून अर्ज नाकारू नये असंही तिथे स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे एकाहून जास्त विषय असतील, तर जन माहिती अधिकाऱ्याने पहिल्या विषयाची माहिती द्यायची आणि बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगायचं, अशी तरतूद आहे. पाण्याबद्दलची माहिती तुला मिळायला हवी होती. तुझा अर्ज परत करणाऱ्याने नियमसुद्धा नीट वाचला नाही.

भाचा : मग अपील करतो. त्याला २० रुपयांचा स्टँप लागतो ना?

मावशी : लागतो, आणि तिथे मसुदे तपासणाऱ्याची नजर अडखळते. अपिलाचं कलम १९ फीबद्दल काही म्हणत नाही. कलम २७ मध्ये सरकारने कशाकशावर नियम करायचे त्याची यादी आहे. तिच्यात अर्जाची आणि प्रतींची फी आहे, अपिलाची कार्यपद्धती आहे, अपिलाची फी नाही. केंद्र सरकार अपिलाला फी घेत नाही. राज्याच्या बाजूने बोलायचं तर तरतुदी अमलात आणण्याचा सर्वसाधारण अधिकार पुरेसा आहे असं म्हणता येतं. पण लोकांकडून पैसे घ्यायचे तर कायद्यात स्पष्ट शब्द हवेत, हा जुना दंडक आहे. रक्कम लहान असली तरी प्रश्न लहान नाही.

भाचा : हे सगळं नियम झाल्यावरचं. आधी कोणी बघत नाही?

मावशी : काही कायदे सांगतात की आधी मसुदा प्रसिद्ध करा, हरकती आणि सूचना मागवा, त्यांचा विचार करा, मग अंतिम नियम काढा. केंद्राच्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम २३ मध्ये त्याची रीत आहे. पण मूळ कायद्याने तशी अट घातली असेल तरच ती सक्ती होते. माहिती अधिकार कायद्यात ती अट नाही.

भाचा : आणि संसदेने एकदा अधिकार दिला की हात झटकले?

मावशी : तसं नाही. कलम २९ प्रमाणे केंद्राचा प्रत्येक नियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर एकूण ३० दिवस ठेवावा लागतो. दोन्ही सभागृहांचं एकमत झालं तर त्यात बदल होतो किंवा तो रद्द होतो. मात्र तोवर त्या नियमाखाली जे घडून गेलं ते कायम राहतं. शिवाय १९५३ पासून लोकसभेची दुय्यम विधानविषयक समिती आहे. १५ सदस्य, त्यांत मंत्री एकही नाही. नियमाने कर लादलाय का, न्यायालयाचं दार बंद केलंय का, अधिकार नसताना तो मागच्या तारखेपासून लावलाय का, हे ती तपासते.

भाचा : राज्याच्या नियमांनाही हेच लागू?

मावशी : त्याच कलमाचं दुसरं पोटकलम वाच. राज्याचा नियम विधिमंडळापुढे शक्य तितक्या लवकर ठेवावा, एवढंच आहे. ३० दिवस नाहीत, रद्द करण्याची तरतूद नाही. आणि कलम २८ खाली मुख्य न्यायमूर्तींनी किंवा अध्यक्षांनी केलेल्या नियमांचा तर या कलमात उल्लेखच नाही. अलाहाबादचे ५०० रुपये विधिमंडळात नाही, न्यायालयात अडले, ते उगाच नाही.

भाचा : म्हणजे पटलावरचा लगाम ढिलाच आहे.

मावशी : हो. खासदारांपुढे नियमांचे गठ्ठे येतात, त्यातला एखादा वाचला जातो. म्हणून खरी राखण विधेयकाच्या वेळी करावी लागते. २०१९ ची दुरुस्ती घे. मूळ कायद्यात माहिती आयुक्तांची मुदत पाच वर्षं होती, आणि मुख्य माहिती आयुक्तांचं वेतन मुख्य निवडणूक आयुक्तांच्या बरोबरीचं होतं. दुरुस्तीने मुदत आणि वेतन दोन्ही केंद्राच्या नियमांवर सोपवलं, राज्यांच्या आयुक्तांचंसुद्धा. त्याच वर्षीच्या नियमांत मुदत तीन वर्षं झाली.

भाचा : सरकारने कारण काय दिलं?

मावशी : निवडणूक आयोग घटनेने निर्माण केलाय, माहिती आयोग कायद्याने, तेव्हा दर्जा सारखा नको. या युक्तिवादात दम आहे असं मानलं, तरी नवी मुदत आणि नवं वेतन कायद्यातच लिहिता आलं असतं. अर्जाची फी सरकारने ठरवली तर फार तर खिशाला चाट बसते. पण आयुक्त सरकारविरुद्ध निकाल देतो. तो किती वर्षं राहणार हे सरकारनेच ठरवायचं, हा तपशील कसा?

भाचा : आणि हे विधेयक वाचताना सामान्य माणसाला दिसणार कसं?

मावशी : लोकसभेच्या नियम ७० प्रमाणे अधिकार सोपवणाऱ्या प्रत्येक विधेयकाला एक ज्ञापन जोडावं लागतं. कोणते अधिकार सोपवलेत, आणि ते नेहमीच्या स्वरूपाचे आहेत की अपवादात्मक, हे त्यात सांगायचं असतं. बहुतेक ज्ञापनांत एकच साचा असतो, की या बाबी कार्यपद्धतीच्या आणि प्रशासकीय तपशिलाच्या आहेत, म्हणून सोपवणूक नेहमीच्या स्वरूपाची. पुढचं विधेयक येईल तेव्हा ते पान काढ आणि सोपवलेल्या बाबींची यादी एकेक करून वाच. प्रत्येकीपुढे विचार, हे सरकारने उद्या उलटं केलं तर कायद्याने दिलेला हक्क शाबूत राहील का? राहत असेल तर तो तपशील. नसेल तर त्यावर सभागृहात मतदान व्हायला हवं.