मुख्याध्यापकपदाचे पहिले वर्ष : शिकविणे आणि शिकवून घेणे

उपशिक्षकाची मुख्याध्यापकपदावर पदोन्नती होते, तेव्हा त्याच्या हाती नव्या शाळेच्या किल्ल्या, शिक्के, दप्तर व चार्जयादी येते. या वस्तू मोजून घेता येतात. त्याच्याकडून एक वस्तू काढून घेतली जाते, ती मात्र कोणत्याही यादीत नोंदलेली नसते. ती म्हणजे त्याचा स्वतःचा वर्ग. वीस वर्षे ज्याने चौथीचा वर्ग उत्तम रीतीने चालविला, त्याच्या कामाची पावती त्याला रोज सायंकाळी त्या मुलांच्या पाट्यांवरून व वह्यांवरून मिळत असे. आता त्याचे काम दुसऱ्यांच्या वर्गांत, दुसऱ्यांच्या हातून व्हावयाचे असते. हा बदल मनाने स्वीकारावयास बहुतेकांना एक सत्र तरी लागते, आणि कित्येकजण तो अखेरपर्यंत स्वीकारीत नाहीत.

हा बदल नेमका कोठे अडतो, हे पाहण्यासाठी पहिली ते पाचवीपर्यंतची, १६२ पटाची एक शाळा कल्पनेने डोळ्यांसमोर आणावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे दीडशेवर पट असलेल्या अशा शाळेस पाच शिक्षक व त्यांशिवाय एक मुख्याध्यापक असतो. येथे नव्याने आलेले मुख्याध्यापक पूर्वीच्या शाळेत वाचन शिकविण्याबद्दल तालुक्यात नावाजलेले होते. जूनअखेर त्यांनी तिसरीच्या ३४ मुलांचे वाचन एकेकाला जवळ बसवून ऐकले. तेरा मुले गोष्ट वाचीत होती, नऊ मुले लहान उतारा वाचीत होती, सात मुले सुटे शब्द तेवढे ओळखीत, आणि पाच मुलांची मजल अक्षरांपलीकडे गेली नव्हती. म्हणजे तिसरीत बसलेली बारा मुले पुस्तक उघडून केवळ बसत होती.

कारण शोधावयास त्यांना वेळ लागला नाही. वर्गशिक्षिका बाई धडा स्वतः मोठ्याने वाचीत व मुले मागून एका सुरात म्हणत. अशा सामुदायिक वाचनात न वाचणाऱ्या मुलाचा आवाज इतरांत मिसळून जातो. त्याचे बोट ओळीवर फिरते, पण डोळे शेजाऱ्याच्या ओठांकडे असतात. जाणत्या माणसास हे दाराशी उभे राहूनही कळते.

मग मुख्याध्यापकांनी स्वभावतः जे सुचले ते केले. रोज शेवटच्या तासिकेस ती बारा मुले ते व्हरांड्यात घेऊन बसू लागले. ऑगस्टअखेर अक्षरांवरची दोन मुले शब्दांवर आली व शब्दांवरची चार उतारा वाचू लागली. बारांपैकी सहा मुले एकेक पायरी चढली, हे यश लहान नव्हते, आणि पालकांनीही त्याचे कौतुक केले. सप्टेंबरात मुख्याध्यापक दहा दिवस प्रशिक्षणास गेले. परत येऊन पाहतात तो व्हरांड्यातील बैठक त्या दहा दिवसांत एकदाही भरली नव्हती. दिवाळीच्या सुटीपूर्वी पुन्हा वाचन घेतले, तेव्हा उताऱ्यापर्यंत आलेली दोन मुले पुन्हा शब्दांवर घसरलेली आढळली.

बाईंनी टाळाटाळ केली, असेच त्यांना प्रथम वाटले. वस्तुस्थिती निराळी होती. ती बारा मुले आता ‘सरांची मुले’ झाली होती. व्हरांड्यात काय चालते हे बाईंनी कधी पाहिले नव्हते, कारण त्या वेळी त्या उरलेल्या बावीस मुलांना शिकवीत असत. कोणते मूल कोठवर आले, याची नोंद मुख्याध्यापकांच्या स्मरणात होती, कागदावर नव्हती. शिवाय बाईंच्या मनात एक बोच राहिली होती. चौदा वर्षांच्या सेवेनंतर आपली मुले आपल्या डोळ्यांदेखत उचलून नेली जातात, याचा अर्थ कोणीही शिक्षिका एकच लावील. या दोन महिन्यांत इतर चार वर्गांकडे मुख्याध्यापकांचे फारसे लक्ष गेले नव्हते, हेही खरे. व्हरांड्यात एक शिक्षक मिळाला, पण शाळेस मुख्याध्यापक उरला नाही.

दिवाळीनंतर त्यांनी हेच काम दुसऱ्या मार्गाने केले. त्याचा प्रारंभ एका प्रश्नाने झाला. “बाई, एकट्याने उतारा वाचू शकत नाहीत अशी आपल्या वर्गात किती मुले असतील?” बाई म्हणाल्या, “चार-पाच असतील.” दहा मुले आहेत हे मुख्याध्यापकांस ठाऊक होते, तरी त्यांनी तो आकडा सांगितला नाही. “आपण दोघे मिळून ऐकू या,” एवढेच ते म्हणाले. मुलांस वाचावयास बाईंनी सांगितले, नोंद मुख्याध्यापकांनी केली. एका मुलास दोन-तीन मिनिटे याप्रमाणे दोन दिवसांत वर्ग पुरा झाला. यादी बाईंच्या समोर, बाईंच्या कानांनी तयार झाली. तीन मुले अक्षरांवर, सात शब्दांवर. दुसऱ्याने सांगितलेला दोष माणूस नाकारतो, स्वतःस आढळलेला दोष नाकारणे त्यास कठीण जाते. म्हणून या दोन दिवसांचा वेळ वाया गेला असे समजू नये. जानेवारीअखेर या दहांपैकी प्रत्येकाने एक पायरी चढावी, हे उद्दिष्ट दोघांनी मिळून ठरविले व त्याचा तक्ता वर्गातच लावला.

पुढची अडचण मुख्याध्यापकांची स्वतःची होती. “आपण नेमके काय करता?” असे बाईंनी विचारले, तेव्हा त्यांना पटकन उत्तर देता येईना. वीस वर्षांच्या सवयीने हात चालत होता, त्यास शब्द कधी लागले नव्हते. निष्णात कारागिरास शागीर्द तयार करताना हीच अडचण येते. म्हणून त्यांनी दोन दिवस बाईंच्याच वर्गात, बाईंच्या समक्ष तो गट घेतला आणि बाईंस एकच गोष्ट पाहावयास सांगितली : मूल अडते तेव्हा शिक्षक काय करतो. बाईंनी टिपले ते असे. मूल अडले की सर शब्द सांगत नाहीत, मनात पाच अंक मोजण्याइतके थांबतात. मग शब्दाचा पुढचा भाग बोटाने झाकून पहिले अक्षर वाचवून घेतात, काना-मात्रा असल्यास ती निराळी दाखवितात, जोडाक्षर असल्यास ते फोडून फळ्यावर लिहितात. शब्द लागला की ते सबंध वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचवितात. आपण वाक्य पुन्हा वाचवून घेतो हे मुख्याध्यापकांस बाईंच्या टिपणावरूनच कळले.

यानंतर गट बाईंनी घ्यावयाचा व मुख्याध्यापकांनी मागे बसावयाचे, असे ठरले. पदोन्नतीनंतरचे सर्वांत अवघड काम हे मागे बसणे आहे. मूल अडते, बाई दोन अंकांतच शब्द सांगून टाकतात, आणि मुख्याध्यापकांचा हात आपोआप पुढे येऊ पाहतो. त्या क्षणी ते पुढे झाले, तर मुलांच्या दृष्टीने बाईंचा अधिकार संपतो आणि शाळा पुन्हा व्हरांड्यात जाते. येथे त्यांनी शाळा सुटल्यावर, इतर कोणी नसताना, एकच सूचना दिली : थांबण्याचा वेळ वाढवावा. दुसऱ्या चार गोष्टी त्यांच्या ध्यानात आल्या होत्या, त्या त्यांनी पुढील आठवड्यांसाठी राखून ठेवल्या.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी पद्धतच बदलली. प्रत्येक अडखळणाऱ्या मुलाजवळ त्यांनी एक वाचणारे मूल बसविले. हे मुख्याध्यापकांच्या रीतीत बसणारे नव्हते. त्यांनी ते मोडले नाही, पंधरा दिवस चालू दिले व नंतर दोघांनी मिळून पुन्हा वाचन ऐकले. शब्दांवरच्या सातांपैकी चार मुलांची प्रगती पूर्वीपेक्षा जलद झाली होती. अक्षरांवरची तिन्ही मुले मात्र जागीच होती, कारण जोडीदार दयाळूपणे त्यांना प्रत्येक शब्द सांगून टाकी. तेव्हा शब्दांच्या गटास जोडी व अक्षरांच्या गटास स्वतः बाई, अशी विभागणी बाईंनीच केली. दुसऱ्यावर काम सोपविल्यावर ते आपल्या रीतीने होणार नाही, हे गृहीत धरावयाचे असते. पडताळा निष्पत्तीचा घ्यावा, रीतीचा घेऊ नये. यास अपवाद एकच : मुलांच्या जीवितास वा शाळेच्या पैशास जेथे धोका असेल, तेथे रीतही ठरलेलीच हवी. शालेय पोषण आहार वाटण्यापूर्वी चाखून पाहणे किंवा रोकडवहीचा मेळ घालणे यांत कोणाच्याही कल्पकतेस वाव देऊ नये. आणि काम सोपविले तरी त्याची जबाबदारी मुख्याध्यापकाकडेच राहते.

पडताळ्याचा वारही नेमलेला बरा. येथे गुरुवार ठरला. मुख्याध्यापक त्या दिवशी हजेरीपटावरून स्वतः निवडलेल्या तीन मुलांचे वाचन ऐकत. केव्हाही अचानक वर्गात शिरणारा मुख्याध्यापक देखरेख करीत नाही, पाळत ठेवतो. मुळीच न जाणारा काम सोपवीत नाही, टाकून देतो.

टाकून देण्याचा एक प्रकार सध्या फार आढळतो. शाळेतील तरुण शिक्षकास संगणक चांगला येतो, म्हणून यू-डायसची माहिती, आधार नोंदणी, आहाराची दैनंदिन माहिती, सर्व त्याच्याकडे जाते. तो नाही म्हणत नाही, आणि मुख्याध्यापकांस आपण कामाची वाटणी केली असे समाधान वाटते. प्रत्यक्षात त्याच्या दुसरीच्या वर्गास दिवसाचा तासभर शिक्षक नसतो. ज्यास जमते त्याच्यावर सर्व लादणे आणि ज्यास जमत नाही त्यास मोकळे सोडणे, यास वाटणी म्हणत नाहीत. त्याने दुसऱ्या एका शिक्षकास महिनाभरात एक माहिती भरावयास शिकवावे आणि तेवढे काम त्याच्याकडून निघावे, ही वाटणी होय. त्या महिन्यात काम दुप्पट वेळ घेईल, हे मुख्याध्यापकाने आधीच मान्य केले पाहिजे.

काही ठिकाणी ही पद्धत लागू पडत नाही. न जमणे आणि न करणे यांतील भेद ओळखावा लागतो. ज्यास जमत नाही तो समोर असतानाही चुकतो व मागे असतानाही धडपडतो. ज्यास करावयाचे नसते त्याचे गुरुवारचे काम निर्दोष असते, पण मुलांच्या वह्यांत गुरुवार ते गुरुवार एकही नवी तारीख नसते. पहिल्यास दाखवून शिकवावे. दुसऱ्यास आधी एकांतात स्पष्ट सांगावे, मग लेखी सूचना द्यावी आणि तरीही फरक न पडल्यास केंद्रप्रमुखांस कळवावे. वयाने किंवा सेवेने वडील असलेल्या गुरुजींच्या बाबतीत नवा मुख्याध्यापक येथे फार संकोचतो व त्यांचे काम मुकाट्याने स्वतः करू लागतो. त्या संकोचाची किंमत एका वर्गाची मुले देतात.

जानेवारीअखेर तिसरीच्या त्या दहा मुलांचे वाचन पुन्हा घेतले गेले. अक्षरांवरच्या तिघांपैकी दोघे शब्दांवर आले होते, शब्दांवरच्या सातांपैकी सहा उतारा वाचीत होते. पहिल्या महिन्यात हे काम व्हरांड्यापेक्षा मंद गतीने चालले होते, हे सांगितले पाहिजे. उरलेल्या दोघांपैकी एका मुलास फळ्यावरचे दिसत नसल्याचे बाईंच्या ध्यानात आले व त्याची नेत्रतपासणी करविण्यात आली.

फेब्रुवारीत दुसरीच्या शिक्षकांनी बाईंचा गट पाहावयास यावे असे ठरले. त्या दिवशी मुख्याध्यापकांना पंचायत समितीत सभा होती. पाठ पुढे ढकलावा काय, असे त्यांनी विचारले. बाईंनी त्याची गरज नसल्याचे सांगितले.