बँडविड्थ नाही म्हणजे नक्की काय नाही?

अगं, साहेबांना पाठवायच्या आधी तू मला दाखवलेला मेल वाचला. इंग्रजी छान आहे, व्याकरणात एक चूक नाही. पण तुला साहेबांकडून हवंय तरी काय, ते मला तुला फोन केल्यावरच कळलं. तुझं वाक्य असं होतं: दोन्ही टीममधली सिनर्जी लेव्हरेज करून रिपोर्टिंग सुधारता येईल, मात्र सध्या बँडविड्थची अडचण आहे.

आणि फोनवर काय म्हणालीस, आठवतंय? "ताई, आम्ही आणि अकाउंट्सवाले दर शुक्रवारी विक्रीचे तेच आकडे आपापल्या एक्सेलमध्ये भरतो. प्रत्येकी तीन तास जातात. एकच शीट केली तर एका टीमचे तीन तास वाचतील. मी ती दोन दिवसांत बनवेन, पण २० तारखेपर्यंत ऑडिट आहे." बघ, सगळं तुला माहीत होतं. मेलमध्ये त्यातलं काहीच उतरलं नाही.

म्हणून सांगते, या शब्दांना एकास एक पर्याय शोधत बसू नकोस. प्रत्येकाच्या मागे एक प्रश्न दडलेला असतो, त्याचं उत्तर लिही.

सिनर्जीचा प्रश्न: एकत्र आल्याने नेमकं काय मिळेल? औषधशास्त्रात हा शब्द नेमका आहे. दोन औषधं मिळून होणारा परिणाम त्यांच्या बेरजेपेक्षा मोठा असेल, तरच तो वापरतात. मग तूही ती वरची कमाई दाखव. इथे ती आहे आठवड्याचे तीन तास. दाखवण्यासारखं काही नसेल, तर 'वर्क टुगेदर' एवढं पुरे.

लेव्हरेज सगळ्यात सोपा. दहातल्या नऊ वेळा तिथे 'यूज' बसतो. ब्रिटिश सरकारच्या लेखन-नियमावलीतही लेव्हरेज टाळायच्या शब्दांत आहे. सवलत फक्त आर्थिक अर्थाला, कारण कर्ज काढून गुंतवणूक वाढवणं हा त्याचा तिथला पक्का अर्थ. तुझ्या मेलची प्रत अकाउंट्सला जाणार आहे, तेव्हा तर जास्तच जप.

बँडविड्थवर मात्र थांब, कारण यानेच मला फटका दिला होता. मूळचा हा रेडिओ-लहरींचा शब्द, पुढे नेटच्या क्षमतेसाठी रुळला. नेटवर्कवाल्यांनी तो खुशाल वापरावा. माणसाबद्दल वापरला की वेळ नाही, माणसं कमी आहेत, की ते काम येत नाही, हेच कळत नाही. आणि या तिन्हींवरचे उपाय वेगळे: तारीख पुढे ढकलणं, माणूस देणं किंवा शिकवणं. माझ्या जुन्या नोकरीत मी लिहिलं होतं, 'लिमिटेड बँडविड्थ आहे'. मला म्हणायचं होतं, हे काम माझ्याकडून होणार नाही. वरिष्ठांनी वाचलं, सावकाश होईल. आठ दिवस ते वाट पाहत राहिले आणि मला वाटत होतं, काम दुसऱ्या कुणाकडे गेलं.

तुला भीती वाटते की थेट लिहिलं तर उद्धट दिसेल. नाही गं. 'सॉरी, २० पर्यंत जमणार नाही, २१ ला सुरू करते' यात नम्रताही आहे आणि तारीखही. समोरच्याने 'बँडविड्थ' शब्द वापरला तर तूही निःसंकोच विचार, 'वेळ कमी आहे की माणसं?'

आता तुझाच मेल पुन्हा मांडते. "आपली आणि अकाउंट्सची टीम दर शुक्रवारी विक्रीचे तेच आकडे वेगवेगळ्या एक्सेलमध्ये भरते. प्रत्येकी तीन तास लागतात. एकच शीट वापरली तर आठवड्याला तीन तास वाचतील. शीट बनवायला मला दोन दिवस लागतील. २० तारखेपर्यंत मी ऑडिटमध्ये आहे. २१ ला सुरू करू का?" हेच इंग्रजीत लिही, एवढ्याच छोट्या वाक्यांत. मेल थोडा लांबला, पण साहेबांना आता फक्त 'हो' किंवा 'नाही' लिहायचं आहे.

वॉरन बफे यांची एक गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने १९९८ मध्ये सोप्या इंग्रजीची पुस्तिका काढली, तिची प्रस्तावना त्यांची आहे. वार्षिक अहवाल लिहिताना आपण आपल्या बहिणींशी बोलतोय असं समजून लिहितो, असं ते त्यात सांगतात. बहिणी हुशार होत्या, पण हिशेबातल्या तज्ज्ञ नव्हत्या.

तुला तर बहीण आहेच. पाठवण्याआधी मेल मनातल्या मनात मला वाचून दाखव, आणि जिथे मी "म्हणजे काय गं?" विचारेन, तो शब्द खोडून त्याचं उत्तर लिही.