मुदतवाढ मागणारा ईमेल : डेटा लीकेजच्या निमित्ताने

मुदतवाढ मागताना कारण द्यावे लागते. आजारपणाचे कारण एका ओळीत सांगता येते. तांत्रिक कारणाचे तसे नसते. ‘असाइनमेंटमध्ये अडचण आली आहे’ एवढ्यावरून प्राध्यापकांना काहीच ठरवता येत नाही. काय आढळले, त्यामुळे कोणते काम बाद झाले आणि ते पुन्हा करायला किती वेळ लागेल, हे त्यांना कळायला हवे. यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ.

सोनकच्छचा एक विद्यार्थी पुण्यात शिकतो. पावसाळी सुटीत त्याने गावाकडच्या एका शेतातील सोयाबीनच्या 240 पानांचे प्रत्येकी पाच, असे 1200 फोटो काढले. पान निरोगी आहे की त्यावर पिवळा मोझॅक आहे, हे न्यूरल नेटवर्कने ओळखायचे. त्याने फोटो सरमिसळ करून 960 प्रशिक्षणासाठी आणि 240 चाचणीसाठी ठेवले. चाचणीत 236 फोटो बरोबर आले, म्हणजे 98.3 टक्के.

गोम वाटणीत आहे. एकाच पानाचे काही फोटो प्रशिक्षणात गेले, काही चाचणीत. त्या पानाच्या शिरा, कडेचा फाटका भाग, मागची माती नेटवर्कने आधीच पाहिलेली असते. मग ते रोग ओळखण्याऐवजी पानच ओळखते. यालाच डेटा लीकेज म्हणतात. ते तपासणे सोपे आहे. फाइलच्या नावात पानाचा क्रमांक असेल, जसे `pan_017_3.jpg`, तर दोन्ही गटांत आलेली पाने मोजायची :

```python
len(set(train["leaf"]) & set(test["leaf"]))
```

उत्तर शून्य यायला हवे. वरच्या वाटणीत ते 160 च्या आसपास येते.

हा धोका जाणकारांना ठाऊक आहे. मोहंती, ह्यूज आणि सलाथे यांनी 2016 मध्ये 14 पिकांच्या पानांचे 54,306 फोटो वापरून असेच काम केले. एकाच पानाचे अनेक फोटो असल्याची नोंद जिथे होती, तिथे ते सगळे त्यांनी एकाच गटात ठेवले. त्यांची उत्तम अचूकता 99.35 टक्के होती. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर मात्र ती 31 टक्क्यांच्या आसपास उतरली. म्हणजे पानवार वाटणी आवश्यक असली, तरी तेवढ्याने सगळे साधत नाही.

आता ईमेल पाहू.

> विषय : सोयाबीन असाइनमेंट – डेटा लीकेज आढळल्यामुळे सोमवारपर्यंत मुदत मिळण्याबाबत
>
> आदरणीय मॅडम,
> सादर नमस्कार.
>
> शुक्रवारी द्यायच्या असाइनमेंटमध्ये मला काल डेटा लीकेज आढळले. मी फोटो पानांनुसार न विभागता सुटे विभागले होते. त्यामुळे 161 पाने प्रशिक्षण आणि चाचणी या दोन्ही गटांत आली आहेत. 98.3 टक्के हा निकाल म्हणून ग्राह्य नाही.
>
> थरांची संख्या आणि प्रशिक्षणाच्या फेऱ्याही मी याच चाचणीचे आकडे पाहून ठरवल्या होत्या. म्हणून त्याही पुन्हा ठरवाव्या लागतील.
>
> आज मी पानांची नवी वाटणी केली : 168 प्रशिक्षणासाठी, 36 पडताळणीसाठी, 36 चाचणीसाठी. पहिल्या फेरीत पडताळणीचे 180 पैकी 146 फोटो बरोबर आले. चाचणीचा गट अजून वापरलेला नाही. तो शेवटी एकदाच वापरेन.
>
> प्रशिक्षणाला दोन दिवस आणि अहवाल दुरुस्त करायला एक दिवस लागेल. सोमवारी सायंकाळी 5 पर्यंत मुदत मिळावी, ही विनंती. ते शक्य नसल्यास शुक्रवारी आहे तो अहवाल लीकेजच्या नोंदीसह देईन.
>
> आपला विद्यार्थी,
> (नाव, हजेरी क्रमांक)

या पत्रातील क्रियापदांकडे लक्ष द्यावे. ‘डेटा लीक झाला’ असे लिहिले असते, तर तो पावसासारखा आपोआप घडलेला प्रकार वाटला असता. ‘मी फोटो सुटे विभागले होते’ या वाक्यात कर्ता आहे, आणि नेमकी कोणती पायरी बदलायची तेही आहे. माफीची लांबण त्यात नाही. ‘मुदत मिळावी’ या विध्यर्थी रूपात आर्जव आहे, पण निर्णय वाचणाऱ्याकडेच राहतो. ‘कृपया त्वरित मंजूर करावे’ मध्ये तो राहत नाही.

दुसरा परिच्छेद सहसा गाळला जातो, पण मुदतीचे खरे कारण त्यातच आहे. नुसता आकडा बदलायचा असता, तर एक संध्याकाळ पुरली असती. गळक्या आकड्यांवरून घेतलेले निर्णयही बाद झाले, म्हणून तीन दिवस लागतात. नवा आकडा 98 वरून 81 वर आला, हेही पत्रात लपवलेले नाही. तो पाहिल्यावर मागणी कशासाठी आहे, याबद्दल प्राध्यापकांना शंका उरत नाही.

स्वाध्याय : फोटो उलटसुलट फिरवून त्यांची संख्या वाढवली आणि त्यानंतर वाटणी केली, तर लीकेज कुठे होईल? त्या प्रसंगी वरील ईमेलचा पहिला परिच्छेद कसा बदलेल, ते चार वाक्यांत लिहा.