लॅपटॉपची रॅम व कीबोर्डची पट्टी : क्लिप न मोडता कशी काढावी?



सुट्टीनंतर आमच्या शाळेचा जुना लॅपटॉप सुरू केला, तर दिवा लागला, पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच! असं झालं की बरेचदा रॅम नीट टेकलेली नसते. ती काढून परत बसवायची. आमच्या लॅपटॉपमध्ये रॅम कीबोर्डखाली आहे, म्हणून आधी कीबोर्डची रिबन केबल, म्हणजे ती चपटी पट्टी, सोडवावी लागते.

काम सुरू करण्याआधी लॅपटॉप बंद करून चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढा. अंगावरची स्थिर वीज जाण्यासाठी नळासारख्या धातूच्या वस्तूला हात लावा.

आता पट्टी. मागच्या वेळी मी इथेच फसलो. पट्टी सरळ ओढली, आणि जिच्यात ती अडकते त्या खाचेची झडप एका टोकाला मोडली. मग काही अक्षरं उमटायची, काही नाही. म्हणून ओढण्याआधी झडप कोणत्या प्रकारची आहे ते बॅटरीच्या उजेडात पाहा. काही झडपा दारासारख्या एका कडेवर फिरतात. त्या नखाने मधोमध हळूच उचलल्या की उभ्या राहतात. काही झडपा ड्रॉवरसारख्या सरकतात. त्यांना दोन्ही टोकांना बारीक कान असतात. एक कान थोडा, मग दुसरा थोडा, असं करत फार तर दीड-दोन मिलीमीटर पट्टीच्या दिशेने ओढायचं. सरकणारी झडप वर उचलली की तिचा कान तुटलाच म्हणून समजा! झडप खरोखर उघडली असेल तर पट्टी जवळजवळ आपोआप निघते. जोर लागत असेल तर थांबा, झडप अजून बंद आहे.

रॅमचं काम त्यामानाने सोपं. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक क्लिप असते. दोन अंगठ्यांनी दोन्ही क्लिपा एकाच वेळी बाहेरच्या बाजूला, रॅमपासून दूर ढकला. वर उचलू नका, फक्त बाहेर. रॅम स्वतःहून टुणकन वर येऊन तिरपी उभी राहते. त्याच तिरप्या कोनात कडांना धरून ओढा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. एकच क्लिप सोडली तर रॅम एका बाजूने वर येते आणि दुसऱ्या क्लिपवर ताण पडतो. घाईत मोडतात त्या अशाच.

परत बसवताना रॅमची खाच जुळवून ती तिरपीच आत सरकवा. सोनेरी भाग जवळपास दिसेनासा झाला की खाली दाबा. दोन्ही क्लिपांचा 'टक्' आवाज आला पाहिजे. पट्टी आत घातल्यावर तिच्यावरची आडवी रेघ खाचेला समांतर दिसते का बघा आणि मगच झडप लावा. रेघ तिरकी दिसली तर पट्टी वाकडी गेली आहे, पुन्हा काढा.

आमचा लॅपटॉप एवढ्यानेच सुरू झाला. नंतर नोटपॅड उघडून एकेक कळ दाबून पाहिली, तर यावेळी सगळी अक्षरं उमटली.