सिमचा पिन: लावण्याआधी आणि अडकल्यावर



फोनला पॅटर्न किंवा बोटाचा ठसा लावला की आपण निर्धास्त होतो. पण फोन हरवला तर चोराला तो उघडायची गरजच नसते. तो सिम काढतो आणि दुसऱ्या फोनमध्ये घालतो. बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी, सगळं त्या फोनवर यायला लागतं. हे थांबवायला सिमला स्वतःचं कुलूप असतं. त्यालाच सिम पिन म्हणतात. तो लावला की फोन बंद करून चालू केल्यावर किंवा सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर आधी पिन विचारला जातो. तो दिल्याशिवाय नेटवर्क येत नाही.

कुलूप चांगलं आहे, पण त्यात घरचीच माणसं अडकतात. बहुतेक वेळा ती अडकतात कुठे, ते आज बघू.

मोजणी कार्डात होते

सिम कार्ड म्हणजे नुसता प्लास्टिकचा तुकडा नाही. त्या छोट्या चिपमध्ये पिन साठवलेला असतो आणि किती वेळा चुकला याचा हिशेबही तिथंच असतो. पिनसाठी तीन संधी मिळतात. तिसरी चुकली की पिन बाद होतो आणि फोन पीयूके मागतो. पीयूके म्हणजे ते कुलूप उघडायची आठ अंकी किल्ली. तिच्यासाठी दहा संधी असतात. त्या दहाही संपल्या की ते कार्ड कायमचं निकामी होतं, मग कंपनीलाही ते उघडता येत नाही.

हिशेब कार्डात असल्यामुळे फोन बंद-चालू करून, बॅटरी काढून, रात्रभर ठेवून किंवा सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून संधी परत मिळत नाहीत. परत मिळवायचा मार्ग एकच: पिन बरोबर टाकणे. बरोबर पिन पडला की मोजणी पुन्हा तीनवर येते.

लोक अडकतात ती जागा

सेटिंग्जमध्ये वरच्या शोधायच्या चौकोनात SIM असं लिहिलं की सिम लॉकचा पर्याय सापडतो. त्याचं नाव फोनप्रमाणे थोडं बदलतं. तो चालू करायला गेलं की फोन पिन मागतो. इथं जवळजवळ प्रत्येक जण आपल्याला हवा तो नवीन पिन टाकतो. फोन म्हणतो, चूक. मग आपल्याला वाटतं, नीट दाबलं गेलं नसेल. पुन्हा तोच टाकतो. पुन्हा चूक. तिसऱ्यांदा सिम अडकतं, आणि कुलूप तर अजून लागलेलंही नसतं!

कारण असं की फोन त्या वेळी नवीन पिन मागत नाही, तर कार्डात आधीपासून असलेला पिन मागतो. प्रत्येक सिमसोबत कंपनीने एक सुरुवातीचा पिन दिलेला असतो. तो माहीत असेल तरच पुढे जायचं. सिम ज्या मोठ्या कार्डातून तोडून काढलं, त्यावर बऱ्याचदा पिन आणि पीयूके दोन्ही छापलेले असतात. ते कार्ड नसेल तर ग्राहक सेवेला विचारा. ‘१२३४ टाकून बघू, ०००० टाकून बघू’ असं करू नका. त्यात दोन संधी जातात.

सुरुवातीच्या पिनने कुलूप लागलं की मग ‘पिन बदला’ या पर्यायातून आपला पिन ठेवायचा. चार ते आठ अंकी चालतो. साध्या बटणांच्या फोनवर हे आकडे दाबूनही करता येतं:

```
**04*जुना पिन*नवा पिन*नवा पिन#
```

एक उदाहरण पूर्ण करून बघू

समजा, बिरसीतल्या एका पालकांनी सिमला पिन लावला आहे. फोन उघडायचा आकडा वेगळा आहे. संध्याकाळी बॅटरी संपली, चार्ज करून मुलाने फोन चालू केला. पडद्यावर पिन विचारला. मुलाने सवयीने फोन उघडायचा आकडा टाकला. चूक. पुन्हा तोच टाकला. पुन्हा चूक. आता एकच संधी उरली आहे.

इथं हात थांबवायचा. घरात ज्याला पिन माहीत आहे त्याला विचारायचं. आठवत नसेल तर तिसरा अंदाज लावायचा नाही. पडद्यावर सिमचा किंवा कंपनीचं नाव आहे की नुसता फोनचा पिन विचारला आहे, हे वाचायची सवय मुलांना लावा. एवढ्यानेही निम्मं संकट टळतं.

आता समजा, तिसरीही चुकली आणि पडद्यावर PUK आलं. घाबरायचं कारण नाही. पीयूके आठ अंकी आहे, म्हणजे दहा कोटी आकडे होऊ शकतात. दहा संधींत तो ओळखणं अशक्यच. म्हणून एकही अंदाज न लावता तो मिळवायचा. घरात सिमचं मोठं कार्ड शोधा. नाहीतर त्याच कंपनीच्या दुसऱ्या नंबरवरून १९८ किंवा कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा. सिम ज्यांच्या नावावर आहे त्यांचं नाव, पत्ता वगैरे विचारतील, म्हणून त्याच व्यक्तीला बोलू द्या. दोन सिमचा फोन असेल तर अडकलेलं सिम कोणतं ते आधी पक्कं करा. एकाचा पीयूके दुसऱ्याला चालत नाही.

पीयूके कागदावर लिहून घ्या, परत वाचून दाखवा आणि मग फोनमध्ये टाका. फोन लगेच नवीन पिन दोनदा मागेल. फोनने तसं विचारलं नाही तर हे दाबा:

```
**05*पीयूके*नवा पिन*नवा पिन#
```

बरोबर पडलं की नेटवर्क येतं, पिनच्या तीन आणि पीयूकेच्या दहा संधी पुन्हा भरून मिळतात. सिममधले नंबर आणि मेसेज जसेच्या तसे राहतात.

दहाही संपल्या तर

मग त्याच नंबरचं नवीन सिम घ्यावं लागतं. आपल्या बिरसीत विमानतळ आहे, पण सिम बदलायचं तर बहुतेकांना गोंदियाच गाठावं लागतं. सिम ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच ओळखपत्र घेऊन जायचं असतं. ते भावाच्या नावावर असेल आणि भाऊ पुण्याला कामाला असेल, तर तिथंच अडतं. शिवाय सिम बदलल्यावर सुरुवातीचे २४ तास त्या नंबरवर मेसेज येत-जात नाहीत. फसवणूक टाळण्यासाठीचा तो नियम आहे. पण त्या दिवशी शिष्यवृत्तीच्या किंवा अकरावीच्या अर्जाची शेवटची तारीख असेल तर ओटीपी येणार नाही, हे लक्षात घ्या.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी पीयूके मिळवून वहीत लिहा, मग सुरुवातीचा पिन विचारून घ्या, आणि त्यानंतरच कुलूप लावा. ती वही घरी राहू द्या. फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी ठेवली तर फोनबरोबर किल्लीही चोराच्या हाती जाईल. आणि पीयूके फक्त आपण मागायचा असतो. कोणी फोन करून तुमच्याकडे मागत असेल तर सांगू नका.

वर्गात हे दाखवायचं असेल तर रिचार्ज संपलेलं जुनं सिमही चालतं, फक्त त्याचा पिन माहीत हवा. पिनची तपासणी कार्डातच होते, नेटवर्क लागत नाही. एकदा मुद्दाम चुकीचा आकडा टाका, उरलेल्या संधी मुलांकडून वाचून घ्या, मग बरोबर पिन टाका. पुढच्या वेळी पुन्हा तीन संधी का दिसतात, ते मुलांनाच विचारा.