लेखापरीक्षण अहवालास विलंब : वाजवी कारण कसे मांडावे?

छत्रपती संभाजीनगरनजीकच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनविणारा एक लहान कारखाना आहे, असे उदाहरणादाखल समजू. 2023-24 या वर्षात त्याची उलाढाल 2 कोटी 40 लाख रुपये झाली आणि रोखीचे व्यवहार 5 टक्क्यांहून अधिक होते. त्यामुळे 1961 च्या आयकर अधिनियमातील कलम 44 एबी अन्वये हिशेबांचे लेखापरीक्षण बंधनकारक ठरले. अहवालाची वाढीव मुदत 7 ऑक्टोबर 2024 रोजी संपली. अहवाल मात्र 28 ऑक्टोबरला, म्हणजे 21 दिवस उशिरा सादर झाला.

अशा कसुरीबद्दल कलम 271 बी खाली उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख रुपये, यांपैकी कमी असेल तेवढी शास्ती होऊ शकते. येथे ती 1 लाख 20 हजार रुपये होते. ती उलाढालीवर मोजली जात असल्याने धंद्यात तोटा झाला तरी टळत नाही. मात्र कलम 273 बी नुसार विलंबास वाजवी कारण होते हे करदात्याने सिद्ध केल्यास शास्ती लावता येत नाही. सिद्ध करण्याची जबाबदारी करदात्यावरच असते.

कारखान्याचा एकमेव हिशेबनीस 16 सप्टेंबरला रुग्णालयात दाखल झाला आणि 9 ऑक्टोबरला घरी परतला. ‘हिशेबनीस आजारी होता’ एवढेच नोटिशीच्या उत्तरात लिहिले, तर ते अपुरे पडेल. खुलासा तारीखवार हवा. खरेदी-विक्रीच्या वह्या ऑगस्टमध्येच सनदी लेखापालांकडे दिल्या होत्या. साठ्याची नोंद व बँकेच्या खात्याचा ताळमेळ तेवढा राहिला होता आणि तो हिशेबनिसाच्याच हाती होता. तो 14 ऑक्टोबरला कामावर आला, 17 तारखेस कागद पूर्ण झाले, 26 तारखेस लेखापालांनी अहवालावर सही केली आणि 28 तारखेस मालकाने तो आयकर संकेतस्थळावर स्वीकारला. रुग्णालयाचे कार्ड, हजेरीपट, लेखापालांशी झालेला पत्रव्यवहार व संकेतस्थळावरील पोच ही कागदपत्रे उत्तरासोबत जोडावीत.

यातून दोन गोष्टी दिसतात. अडचण मुदत संपण्यापूर्वी उद्भवली आणि ती दूर होताच काम पुरे झाले. हाच अहवाल जानेवारीत सादर झाला असता, तर मधल्या काळाचा वेगळा खुलासा द्यावा लागला असता. कर वेळेवर भरला होता ही बाब सद्हेतू दाखविते, परंतु विलंबाचे कारण होऊ शकत नाही. दरवर्षी लेखापरीक्षण करून घेणाऱ्याने कायदा ठाऊक नसल्याचे सांगणेही टिकणे कठीण.

हिंदुस्थान स्टील विरुद्ध ओरिसा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1969 साली स्पष्ट केले की, शास्ती लावण्याचा अधिकार आहे एवढ्यानेच ती लावणे योग्य ठरत नाही. तांत्रिक वा क्षुल्लक उल्लंघनात ती न लावण्याचा विचार अधिकाऱ्याने न्यायबुद्धीने करावयाचा असतो. तरीही शास्तीचा आदेश झालाच, तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येते.

1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर अधिनियम अंमलात आला आहे. वरील विवेचन त्यापूर्वीच्या वर्षांच्या हिशेबांपुरते आहे.