फोटो खरा, ओळ खोटी

आठवीच्या मुलांसाठी घेतलेली माध्यम-साक्षरतेची कार्यशाळा आज संपली. वर्तमानपत्राच्या डेस्कवर असताना फोटोखाली ओळ लिहिणं हे माझं रोजचं काम होतं, त्यामुळे वर्गातही मी त्या ओळीभोवतीच राहिले. जे हाती लागलं ते ताजं असतानाच लिहून ठेवते आहे.

१. मुलं फोटोत खोट शोधतात, आणि ती बहुतेक वेळा फोटोत नसतेच.

पडद्यावर एक फोटो लावला. दोन लहान भावंडं. मुलगी रडवेली, आणि तिच्याहून जेमतेम मोठा असलेला भाऊ तिला कवेत घेऊन बसलेला. २०१५ च्या एप्रिलमध्ये नेपाळला भूकंप झाला, त्यानंतर ‘चार वर्षांचा भाऊ दोन वर्षांच्या बहिणीला जपतो आहे’ अशा ओळीसह तो जगभर फिरला. मुलांना म्हटलं, तपासा. सगळ्यांनी लगेच फोटो मोठा करून बोटं मोजली, सावल्या पाहिल्या, केसांच्या कडा पाहिल्या. पाच मिनिटांनी निकाल आला, “मॅडम, एडिट केलेला नाही, म्हणजे खरा.”

फोटो खराच आहे. ना सॉन न्युएन या व्हिएतनामी छायाचित्रकाराने तो २००७ मध्ये, व्हिएतनामच्या उत्तरेकडच्या हा जांग प्रांतातल्या एका खेड्यात काढला होता. अनोळखी माणूस समोर आला म्हणून ती मुलगी रडू लागली आणि भावाने तिला जवळ घेतलं, एवढीच ती गोष्ट. नेपाळच्या आधी हीच भावंडं म्यानमारची अनाथ मुलं आणि सीरियाच्या युद्धातली मुलं म्हणूनही फिरून आली होती. खुद्द छायाचित्रकाराने हा फोटो माझा आहे म्हणून सांगून पाहिलं, त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

हे ऐकल्यावर वर्ग गप्प झाला. मग मी फळ्यावर तीनच प्रश्न लिहिले: कुठला? कधीचा? कोणी काढला? ‘खरा की खोटा’ हा प्रश्न मुद्दाम लिहिला नाही. तो विचारला की मुलं पुन्हा बोटं मोजायला लागतात.

२. शोध घेणं सोपं आहे, निकाल वाचणं शिकवावं लागतं.

स्क्रीनशॉट काढायचा, फोटोभोवतीचा मजकूर कापायचा आणि गुगल लेन्समध्ये टाकायचा, हे मुलांना माझ्याआधी जमलं. अडचण पुढे आहे. व्हायरल फोटोचे पहिले निकाल बऱ्याचदा तीच खोटी ओळ पुन्हा पुन्हा दाखवतात. दहा ठिकाणी ‘नेपाळ’ दिसलं की मुलांना ते दहा साक्षीदार वाटतात, पण त्या एकाच ओळीच्या दहा नकला असतात. म्हणून मी त्यांना दोनच गोष्टी शोधायला सांगितल्या: बाकीच्यांपेक्षा वेगळं काही सांगणारा निकाल, आणि सगळ्यांत जुनी तारीख. टिनआय या संकेतस्थळावर निकाल `Oldest` असे लावता येतात, ते इथे कामी येतं. भूकंपाचा म्हणून आलेला फोटो भूकंपाच्या आधीच इंटरनेटवर होता, एवढं कळलं तरी ओळ पडते. मूळ फोटो कुठला, हे मग सावकाश शोधता येतं. सगळ्यांत जुना सापडलेला निकाल म्हणजेच मूळ, असं मात्र धरून चालत नाही.

एका मुलीने विचारलं, “आणि काहीच नाही सापडलं तर?” हा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटला. गावातल्या पुराचा फोटो, शेजारच्या तालुक्यातला अपघात, यांचा मागमूस लेन्सला नसू शकतो. फोटोच्या फाइलमध्ये दडलेली तारीखही मिळत नाही, कारण व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने फोटो पाठवला की ती माहिती गळून जाते. काही न सापडणं हा ‘नवा आहे’ याचा पुरावा नाही आणि ‘खोटा आहे’ याचाही नाही. म्हणून तपासाच्या तक्त्यात तिसरा रकाना केला: ‘अजून माहीत नाही’. या रकान्यात खूण करायला मुलांना जड गेलं. परीक्षेने त्यांना कोरी जागा सोडायची भीती घातली आहे.

३. ओळ बदलावीही लागत नाही, शेवट कापला तरी पुरतं.

हा भाग घ्यावा की नाही यावर मी बराच विचार केला होता. फळ्यावर ओळीने सहा चौकटी काढल्या. गल्लीत खेळणारी मुलं. मोटारसायकलवरून आलेले दोघं. एका मुलाला उचलतात. पळतात. परत येऊन त्याला सोडतात. हातात फलक धरतात, कराचीत मूल पळवायला एक क्षण पुरतो अशा अर्थाचा. पाकिस्तानातल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली ती फिल्म होती.

मग शेवटच्या दोन चौकटी पुसल्या आणि मुलांना विचारलं, आता काय दिसतं? उत्तर सांगावं लागलं नाही.

ही कापलेली फिल्म २०१८ मध्ये ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ अशा संदेशांसोबत देशात ठिकठिकाणी फिरली. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, अशाच अफवांच्या दिवसांत, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मारहाणीचे तपशील मी वर्गात सांगितले नाहीत आणि चित्रणही दाखवलं नाही. पण गावाचं नाव, तारीख आणि त्या समाजाचं नाव सांगितलं. तेरा वर्षांच्या मुलाला हे कळू नये असं मला वाटत नाही. त्याच्या मोबाइलवर ते संदेश येतातच.

४. बाण काय सांगतो आणि काय सांगत नाही.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सअॅपने पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. पुढे दुहेरी बाण आला: संदेश किमान पाच हातांतून आला आहे. मुलं दुहेरी बाणाला ‘खोटं’ म्हणू लागली होती. तो फक्त एवढंच सांगतो की हे पाठवणाऱ्याने लिहिलेलं नाही, बऱ्याच हातांतून फिरून आलं आहे. एका मुलाने लगेच पळवाट सांगितली: मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण जातो. बरोबर आहे. स्क्रीनशॉटचंही तेच.

५. खरी परीक्षा घरच्या ग्रुपवर.

“आजोबांना खोटं आहे म्हटलं की ते चिडतात,” असं एक जण म्हणाला आणि निम्म्या वर्गाने माना हलवल्या. मग उरलेला तास आम्ही बोलण्याच्या सरावातच घालवला. एकाने आजोबा व्हायचं, दुसऱ्याने नातू. सगळ्यांसमोर ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही, जवळ जाऊन बसायचं. “आजोबा, हे तुम्हाला कोणी पाठवलं? त्यांना कुठून आलं?” एवढंच विचारायचं, मग आपला शोध त्यांच्याच मोबाइलवर त्यांच्यासमोर करायचा. आजोबा झालेल्या मुलाने तोऱ्यात सांगितलं, “अरे, आपल्या पाटलांनी पाठवलंय, ते कशाला खोटं बोलतील?” नातू अडला. मी सुचवलं, पाटील खोटं बोलत नाहीत, त्यांनाही कोणीतरी पाठवलं असेल. एका वाक्याने सराव पुढे सरकला, कारण आता कोणाच्या मोठेपणाला धक्का लागत नव्हता.

आवाजी संदेशांचं कोडं मात्र शिल्लक राहिलं. ‘सरकारी दवाखान्यातली डॉक्टर बोलतेय’ असं सांगणारा आवाज लेन्समध्ये टाकता येत नाही. तिथे हाती राहतं ते बोलणारीचं नाव, दवाखान्याचं नाव आणि तारीख: संदेशात यातलं काय आहे ते ऐकून लिहायचं आणि नाव असेल तर त्या दवाखान्यात फोन लावून विचारायचं. पुढच्या खेपेला पहिला तास मी आवाजी संदेशांनाच देणार आहे.